निकाल वाढला की घटला? मुख्याध्यापकांचे भाषण ऐकताना

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात, आणि शाळा उघडली की पालकसभेची चिठ्ठी घरी येते. गटाच्या बैठकांच्या निमित्ताने आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा अशा सभांना आम्हीही मागच्या सतरंजीवर बसतो. मुख्याध्यापक हातात कागद घेऊन उभे राहतात, टक्क्यांमागून टक्के वाचतात, टाळ्या पडतात आणि चहा येतो. बाहेर पडताना एखादीला विचारावे, "काय म्हणाले गं सर?" तर उत्तर येते, "निकाल चांगला लागला म्हणाले." यापुढे काही हाती लागलेले नसते. त्या कागदावरचे आकडे खोटे नसतात. पण आपल्या मुलांचे काय झाले, हे त्यातून कळायला हवे असेल तर त्या आकड्यांना दोन-चार प्रश्न विचारावे लागतात. आज तेवढेच बोलू.

आपल्यासारख्याच एका गावातली शाळा डोळ्यांसमोर आणा. हे आकडे कुठल्या एका शाळेचे नाहीत, हिशोब समजावा म्हणून आम्ही मांडले आहेत. मुख्याध्यापक बोलायला उभे राहतात:

"पालकहो, मागच्या वर्षी आपल्या शाळेचा दहावीचा निकाल साडेसत्त्याऐंशी टक्के होता. यंदा तो साडेब्याण्णव टक्के लागला आहे. म्हणजे पाच टक्क्यांची वाढ. मराठी, हिंदी आणि सामाजिक शास्त्रे यांचा निकाल शंभर टक्के. विज्ञान साडेसत्त्याण्णव, इंग्रजी पंच्याण्णव आणि गणित साडेब्याण्णव टक्के. गणितातही मागच्या वर्षीपेक्षा सुधारणा आहे."

भाषण एवढेच. आता एकेक वाक्य उलगडू.

टक्का कितीजणांतला?

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. सर, परीक्षेला बसले किती आणि पास झाले किती? या शाळेत मागच्या वर्षी ४८ मुले बसली, ४२ पास झाली. यंदा ४० बसली, ३७ पास झाली. टक्केवारी बरोबरच आहे. पण पास झालेल्या मुलांची संख्या ४२ वरून ३७ वर आली, हे टक्क्यांत दिसले नव्हते. शिवाय ४० मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजेच अडीच टक्के. त्यामुळे पाच टक्क्यांची वाढ म्हणजे जेमतेम दोन मुलांचा फरक. एखादे मूल ऐन परीक्षेत तापाने पडले, तरी लहान शाळेचा निकाल तेवढा हलतो. राज्यात पंधरा लाखांच्या आसपास मुले दहावीला बसतात. तिथे एक टक्का म्हणजे पंधरा हजार मुले. म्हणून राज्याचा टक्का आणि गावातल्या शाळेचा टक्का एकाच मापाने मोजू नये. लहान शाळेत टक्क्यांपेक्षा मुलांची संख्याच विचारावी.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो बहुधा कुणी विचारत नाही. सर, ही मुले नववीत गेली तेव्हा किती होती?

हा प्रश्न आपल्याला बचत गटाच्या वहीवरून लगेच कळेल. समजा गटाची कर्जवसुली शंभर टक्के आहे. पण वर्षभरात ज्या दोघी-तिघींचे हप्ते थकले, त्यांची नावेच गटातून कमी केली असतील, तर त्या शंभर टक्क्यांचे काय? वही स्वच्छ दिसते. त्या बायका मात्र कर्जासकट वहीबाहेर असतात.

शाळेचेही तसेच होऊ शकते. आपल्या उदाहरणातली मागच्या वर्षीची तुकडी नववीत ५० मुलांची होती. दोघांनी शाळा सोडली, ४८ परीक्षेला बसली, ४२ पास झाली. यंदाची तुकडी नववीत ५२ जणांची होती आणि दहावीला बसली ४०. मग मधली बारा मुले कुठे गेली?

सरांनी जनरल रजिस्टर आणि नववीचे निकालपत्रक काढले, तर हा हिशोब अर्ध्या तासात लागतो. आपल्या उदाहरणात तो असा लागला: दोघांनी दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत नाव घातले. चौघे नववीत नापास होऊन मागे राहिले. तिघांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला. आणि तिघे शाळेतून गेलेच. त्यातला एक मुलगा ट्रॅक्टरवर लागला आणि दोन मुलींची लग्ने झाली.

जी दोन मुले दुसऱ्या शाळेत गेली, त्यांचा हिशोब ती शाळा देईल. त्यांना वजा करू. उरली ५०. या ५० मधली ३७ आपल्या शाळेतून दहावी पास झाली, म्हणजे ७४ टक्के. मागच्या तुकडीची ५० पैकी ४२ झाली होती, म्हणजे ८४ टक्के. भाषणात निकाल पाच टक्क्यांनी वाढला होता. नववीपासून मोजला तर तोच दहा टक्क्यांनी घटला. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सांगतो, परीक्षेच्या बाकावर बसलेल्यांचे काय झाले. दुसरा सांगतो, गावाने शाळेच्या हाती दिलेल्या मुलांचे काय झाले.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या. आठवीपर्यंत मूल वर्गात मागे राहण्याचे प्रसंग कमी असतात. नववीत मात्र शाळा स्वतःच्या परीक्षेवर मुलाला नापास करू शकते. ज्याला खरोखर काहीच येत नाही, त्याला थांबवून शिकवणे कधी कधी बरोबरही असते. पण एखाद्या वर्षी नववीत नापास होणारे अचानक वाढले, आणि पुढच्या वर्षी दहावीचा निकाल अचानक वाढला, तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघावे.

दुसरी गोष्ट सतरा नंबरच्या फॉर्मची. हा खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याचा फॉर्म. ज्यांची शाळा सुटली आहे त्यांच्यासाठी, लग्न झालेल्या मुलींसाठी, आणि आपल्यातल्या अर्धवट राहिलेल्या बायकांसाठीही तो मोठा आधार आहे. पण त्या मुलाचा निकाल शाळेच्या नियमित निकालात धरला जात नाही, आणि त्याला रोजचा वर्गही मिळत नाही. म्हणून शाळेत येत असलेल्या कच्च्या मुलाला कुणी सुचवले, "याचा सतरा नंबर भरा, जमेल त्याला," तर आईने थांबून विचारावे, की यात सोय कुणाची आहे? मुलाला वर्गाची गरज असताना वर्गच सुटणार असेल, तर सही करू नये. शाळेत बसण्याचा त्याचा हक्क आहे.

मुली पुढे आहेत, पण कोणत्या मुली?

सभेत हमखास येणारे एक वाक्य असते: "यंदाही मुलींनीच बाजी मारली." राज्याच्या निकालातही वर्षानुवर्षे हेच दिसते. २०२५ च्या दहावीत मुलींचा निकाल ९६.१४ टक्के होता आणि मुलांचा ९२.३१. ऐकून छाती भरून येते, आणि यावी. पण हा टक्का परीक्षेला बसलेल्या मुलींचा आहे. आपल्या उदाहरणातल्या ज्या दोन मुलींची नववीनंतर लग्ने झाली, त्या या टक्क्यात नापास म्हणूनही नाहीत. त्या कुठेच नाहीत. परीक्षेला बसलेल्या सगळ्या मुली पास झाल्या तर मुलींचा निकाल शंभर टक्के लागतो, आणि त्या दोघींची आठवणही सभेत निघत नाही. म्हणून मुलींचा निकाल ऐकला की नववीतल्या मुलींची संख्या वेगळी विचारा. अठरा वर्षांच्या आतले लग्न कायद्याने गुन्हा आहे, हे आपण बैठकीत बोलतोच. पण अशी मुलगी वर्गातून कधी कमी झाली, हे सगळ्यात आधी शाळेच्या हजेरीपटावर दिसते.

नियम बदलला की टक्का बदलतो

आता "मागच्या वर्षीपेक्षा" या शब्दाकडे वळू. दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्ही वर्षी परीक्षा एकाच मापाची हवी. ती नेहमी तशी नसते.

राज्याचेच उदाहरण घ्या. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. घरोघरी चर्चा झाली की मुले मोबाइलमुळे बिघडली. पण त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतले शाळेने द्यायचे वीस गुण बंद झाले होते आणि अभ्यासक्रमही नवा होता. पुढच्या वर्षी ते वीस गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात मुले मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असे काही घडले नव्हते. माप बदलले होते. शिवाय २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही. २०२१ साली तर करोनामुळे लेखी परीक्षाच रद्द झाली, शाळेतल्या मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के आला. २०२२ ला परीक्षा झाली, पण पंचाहत्तर टक्के अभ्यासक्रमावर.

म्हणून एखादे मुख्याध्यापक म्हणाले, की "२०१९ च्या मानाने आपली शाळा वीस टक्क्यांनी पुढे गेली," तर लगेच टाळी वाजवू नका. २०१९ च्या मानाने जवळजवळ सगळे राज्यच पुढे गेले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल किती होता, तो शेजारी ठेवा. राज्य जेवढे चढले तेवढीच आपली शाळा चढली असेल, तर ते शाळेचे वेगळे यश नव्हे. राज्य घसरले तेव्हा आपली शाळा जागेवर राहिली असेल, तर मात्र त्या शिक्षकांचे नाव घेऊन कौतुक करायला हवे.

विषयाचा निकाल आणि विषय येणे

आता विषयांकडे येऊ. सरांनी सांगितले, गणितात मागच्या वर्षी साडेसत्त्याऐंशी टक्के पास होते, यंदा साडेब्याण्णव. मग गणित सुधारले का?

यासाठी गुण कसे बनतात ते आधी बघू. दहावीत प्रत्येक मुख्य विषय शंभर गुणांचा असतो. त्यातले ८० गुण मंडळाच्या लेखी पेपरचे आणि २० गुण शाळेने द्यायचे. भाषेत ते तोंडी परीक्षेचे असतात, विज्ञानात प्रात्यक्षिकाचे, गणितात शाळेतल्या अंतर्गत कामाचे. गणिताचे लेखी पेपर दोन असतात. भाग एक म्हणजे बीजगणित ४० गुणांचे, आणि भाग दोन म्हणजे भूमिती ४० गुणांची. सगळे मिळून ३५ झाले की पास.

आता मुलाला शाळेने २० पैकी १८ दिले, तर पास व्हायला लेखी परीक्षेत किती हवेत? १७. ऐंशीपैकी फक्त सतरा. म्हणजे पाच गणितांतले धड एक आले तरी चालते. वीस गुण वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. लेखी परीक्षेच्या धास्तीत गळपटणाऱ्या मुलाला वर्षभराच्या कामाचे श्रेय मिळायलाच हवे. पण शाळा जर सगळ्यांनाच अठरा-एकोणीस देत असेल, तर पास-नापास या आकड्यावरून मुलांना गणित किती येते हे कळत नाही.

म्हणून सरांना म्हणावे, लेखीचे गुण वेगळे काढून सांगा. शाळेने मंडळाला कळवलेले वीसपैकीचे गुण शाळेजवळ असतात. गुणपत्रिकेतल्या गुणांतून ते वजा केले की लेखीचे गुण उरतात. आपल्या उदाहरणातल्या शाळेत तसे केल्यावर दिसले, की गणितात पास झालेल्या ३७ पैकी १४ मुलांना ३५ ते ४४ गुण होते. त्यांचे शाळेचे १८ गुण वजा केले, तर लेखीत ८० पैकी १७ ते २६. ही चौदा मुले पास आहेत, पण काठावर आहेत.

आणखी एक सोपी रीत आहे. सगळ्या मुलांना त्या विषयातल्या गुणांप्रमाणे एका रांगेत उभे केले, तर मधोमध उभे असलेल्या मुलाचे गुण किती? मागच्या वर्षी गणितात मधल्या मुलाला ५८ होते. यंदा ४९ आहेत. पास झालेल्यांचा टक्का वर गेला, पण रांगेच्या मधले मूल नऊ गुणांनी खाली आले. पहिल्या आलेल्या मुलीला पंच्याण्णव आहेत, तिचा फोटो फलकावर लागला आहे, तो लागायलाच हवा. पण वर्गाला कसे शिकवले गेले, हे पहिल्या मुलीवरून कळत नाही. ती कदाचित कुठेही शिकली असती. ते मधल्या मुलावरून कळते.

काठावरच्या त्या चौदा जणांचे पुढे काय, हा खरा प्रश्न आहे. अकरावी विज्ञानाचे किंवा पॉलिटेक्निकचे गणित दहावीच्याच पायावर उभे असते. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतही अंकगणित असते. आपली मुलगी दहावीला पास झाली म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि अकरावीत ती पहिल्या चाचणीत अडखळली की म्हणतो, "कॉलेजात जाऊन बिघडली." बिघडलेली नसते. ती सतरा गुणांवर पुढे गेलेली असते.

घसरण कुठली, हे कसे ओळखावे

गणित घसरले हे कळले. पण का घसरले? इथे घाईने कुणावर बोट ठेवू नये. एका वर्षाच्या घसरणीवरून शिक्षकाला दोष देणे म्हणजे एका पावसावरून पेरणी ठरवण्यासारखे आहे. निदान तीन वर्षांचे आकडे मागा.

आणि त्याच मुलांचे नववीतले गुणही बघा. ही मुले नववीतच गणितात कच्ची होती, तर कारण दहावीच्या वर्गाच्या आधीचे आहे. अपूर्णांक, ऋण संख्या, साधी समीकरणे ही सहावी-सातवी-आठवीची कामे. ती पक्की नसतील तर दहावीच्या वर्गसमीकरणाला हात घालणे अवघड. पण नववीत ठीक असलेली मुले दहावीत घसरली असतील, तर त्या एका वर्षात काय झाले ते शोधायचे. आपल्या उदाहरणात मुख्याध्यापकांनी स्वतःच सांगितले, की गणिताचे शिक्षक बदलून गेल्यावर ऑगस्ट ते डिसेंबर जागा रिकामी होती आणि विज्ञानाचे शिक्षक दोन्ही तास सांभाळत होते. या एका वाक्याने सगळा निकाल उलगडतो. अशा वेळी शिक्षकांवर चिडून उपयोग नाही. पालक-शिक्षक संघाने संस्थेकडे रिकाम्या जागेबद्दल लेखी अर्ज द्यायचा, आणि त्याची पोच घ्यायची.

आणखी बारीक बघायचे तर जानेवारीतल्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका कामाला येतात. त्या शाळेतच तपासलेल्या असतात. त्या चाळल्या की कळते, मुलांनी चुकीचे लिहिले आहे की कोरेच सोडले आहे. बीजगणितात गुण आहेत आणि भूमितीत प्रमेयाची सिद्धता लिहायची जागा बहुतेकांनी कोरी सोडली आहे, असे दिसले, तर उपाय नेमका ठरतो. नुसते "गणितावर भर द्या" म्हणण्यापेक्षा "जूनपासून आठवड्यातले दोन तास भूमितीच्या सिद्धतेला द्या" हे शिक्षकांनाही करायला सोपे जाते.

तीन नापास मुले

आता शेवटचे आणि घाईचे. ४० पैकी तीन मुले नापास झाली. विषयांच्या यादीत नापास किती दिसतात ते मोजा. गणितात तीन, इंग्रजीत दोन, विज्ञानात एक. बेरीज सहा. पण मुले सहा नाहीत, तीनच आहेत. एकाच मुलाचे नाव दोन-तीन विषयांत येते. म्हणून विषयांची यादी पुरत नाही, मुलागणिक यादी लागते.

तशी यादी केली तर असे दिसते. एक मुलगी फक्त गणितात राहिली. एक मुलगा गणित आणि इंग्रजीत राहिला. आणि एक मुलगा गणित, इंग्रजी आणि विज्ञान या तिन्हींत.

पहिल्या दोघांना एटीकेटीची सवलत मिळते. एक किंवा दोन विषय राहिले असतील, तर अकरावीला प्रवेश घेता येतो आणि राहिलेले विषय नंतर सोडवायचे असतात. त्यांचे वर्ष वाया गेलेले नाही. तिसऱ्या मुलासाठी लगेचची पुरवणी परीक्षा आहे. ती साधारण जून-जुलैच्या सुमारास होते. त्यात त्याला राहिलेले तीनच विषय द्यायचे आहेत. ज्यांत तो पास आहे ते पुन्हा द्यावे लागत नाहीत. पहिल्या दोघांनीही ही परीक्षा द्यावी, म्हणजे ओझे लवकर उतरते.

पेपर चांगला गेला होता आणि गुण अगदीच कमी दिसतात, असे वाटले तर मंडळाकडे गुणपडताळणीचा अर्ज करता येतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, आणि छायाप्रत पाहिल्यावर पुनर्मूल्यांकनही मागता येते. या सगळ्याला फी असते आणि मुदत असते. मुदत थोड्याच दिवसांची असते. पुरवणी परीक्षेच्या फॉर्मचेही तसेच. आणि इथेच घोटाळा होतो. निकाल लागतो मे महिन्यात, तेव्हा शाळेला सुट्टी असते. पालकसभा भरते ती शाळा उघडल्यावर. तोवर मुदत निघून गेलेली असू शकते. म्हणजे ज्या तीन मुलांना भाषणाची सर्वात जास्त गरज, त्यांच्यासाठी ते भाषण उशिरा होते. त्यामुळे नापास मुलाच्या आईने सभेची वाट बघू नये. निकालाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शाळेच्या कार्यालयात जाऊन विचारावे: पुरवणीचा फॉर्म कधीपर्यंत, फी किती, कुणाकडे भरायचा? आणि ज्या घरात मूल नापास झाले, त्या घरी गटातल्या एकीने त्याच आठवड्यात जाऊन यावे.

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. गणितात राहिलेल्या त्या एका मुलीचा विचार करा. तिचे पाच विषय सुटले आहेत. अकरावीचे दार तिला उघडे आहे. पण "नापास" एवढा एकच शब्द घरात आला, तर मे महिन्याच्या लग्नसराईत तिचे काय ठरेल, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. एटीकेटी हा शब्द त्या घरात वेळेवर पोचणे, एवढ्यावर तिचे पुढचे सगळे अवलंबून असू शकते.

सभेत विचारायचे कसे

हे प्रश्न भांडणाच्या सुरात विचारायचे नाहीत. चांगल्या मुख्याध्यापकांना हे आकडे आधीच माहीत असतात. विचारणारे कुणी नसते म्हणून ते भाषणात येत नाहीत. सभेच्या आठवडाभर आधी गटाच्या वतीने एक साधी चिठ्ठी द्या. त्यात तीनच गोष्टी मागा. एक, ही तुकडी नववीत किती मुला-मुलींची होती आणि उरलेली कुठे गेली. दोन, गणित, इंग्रजी आणि विज्ञानात किती मुले ३५ ते ४४ च्या मधे आहेत. तीन, हेच आकडे मागच्या दोन वर्षांचे.

एक पथ्य मात्र पाळा. संख्या सभेत सांगायची, नावे सांगायची नाहीत. कोण नापास झाले, कुणी शाळा सोडली, हे नावानिशी वाचले गेले तर पुढच्या वर्षी त्या मुलांच्या आया सभेला येणार नाहीत. नावांचे काम सभेनंतर, दारोदार जाऊन, हळू आवाजात करायचे असते.

आणि सर त्या बारा मुलांचा हिशोब खरोखर देऊ लागले, तर त्यांचा निकाल कमी दिसेल हे लक्षात ठेवा. त्या दिवशी त्यांच्यावर तुटून पडलात, तर पुढच्या वर्षी पुन्हा साडेब्याण्णव टक्केच ऐकायला मिळेल. ७४ टक्के सांगायला धीर लागतो, त्या सरांचे आभार माना. मग सतरा नंबर भरलेली तिघे आणि शाळेतून गेलेली तिघे, अशी सहा घरे गटातल्या सहा जणींनी वाटून घ्या.